२३ मिनिटांचा लघुपट, ३० हजार रुपये आणि प्रीमियरचा हिशेब

प्रश्न: आम्ही पेडण्यातल्या मित्रांनी २३ मिनिटांचा मराठी लघुपट केला आहे, कथापट. आवाज आणि रंगाचं काम ऑगस्टअखेर संपेल. महोत्सवांसाठी वेगळे ठेवलेले ३० हजार रुपये आहेत. गोव्यातल्या इफ्फी महोत्सवात तर दाखवायचाच आहे, पण परदेशातही पाठवायचा आहे. सप्टेंबरात चवथीला गावच्या मंडपात दाखवावा असं सगळ्यांचं म्हणणं आहे. एकजण म्हणतो की त्याने प्रीमियर वाया जाईल. हे प्रीमियर प्रकरण नक्की काय आहे, फी किती ठिकाणी भरावी आणि सुरुवात कुठून करावी?

उत्तर:

पाठवण्याजोगे महोत्सव तुम्हाला कमी पडणार नाहीत. खरी अडचण क्रमाची आहे. कुठला महोत्सव आधी, कुठला नंतर आणि कोणाच्या उत्तरासाठी किती थांबायचं, हे एकदा ठरलं की फी आणि प्रीमियर हे दोन्ही प्रश्न बरेच सोपे होतात. गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या लघुपटांच्या महोत्सव-प्रवेशिकांचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्यात सगळ्यात जास्त नुकसान मी घाईने झालेलं पाहिलं आहे. चित्रपट तयार झाल्याच्या आनंदात पहिल्या दोन महिन्यांत सगळे पैसे आणि सगळे प्रीमियर संपलेले असतात, आणि ज्या महोत्सवाची खरी इच्छा होती त्याचा अर्ज तेव्हा उघडतो.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. दिग्दर्शकाचा हा पहिलाच चित्रपट आहे का, संगीताचे हक्क लेखी घेतले आहेत का, पुढचा चित्रपट करण्यासाठी नाव हवं आहे की हाच चित्रपट जास्तीत जास्त लोकांनी बघावा असं वाटतं, यावर उत्तर बदलतं. मी असं धरून चालते की तुम्हाला दोन्ही हवं आहे, पण एक वर्ष थांबायची तयारी आहे.

आधी प्रीमियर. महोत्सवांच्या भाषेत चित्रपटाचं पहिलं सार्वजनिक प्रदर्शन म्हणजे जागतिक प्रीमियर. निर्मितीच्या देशाबाहेरचं पहिलं प्रदर्शन म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रीमियर. भारतातलं पहिलं प्रदर्शन तो भारतीय प्रीमियर, आणि त्याच्या खाली राज्याचा किंवा शहराचा. नीट लक्षात ठेवायची गोष्ट ही की हे सगळे वेगवेगळे खर्च होतात. तुम्ही पणजीत दाखवलात तर जागतिक आणि भारतीय प्रीमियर एकदमच संपले, पण आंतरराष्ट्रीय प्रीमियर अजून शाबूत आहे. उलट तुम्ही एखाद्या अनोळखी परदेशी महोत्सवाला घाईने हो म्हणालात, तर जागतिक आणि आंतरराष्ट्रीय दोन्ही गेले आणि हातात फक्त भारतीय उरला. म्हणून ‘प्रीमियर वाया जाईल’ या वाक्याला तसा अर्थ नाही. कोणता प्रीमियर, आणि तो कोणाला हवा आहे, हे विचारायचं.

पूर्ण लांबीच्या चित्रपटांच्या बाबतीत बहुतेक मोठे महोत्सव याबद्दल कडक असतात. लघुपटांच्या बाबतीत तसं नाही. फ्रान्समधला क्लेरमाँ-फेराँ हा लघुपटांच्या जगातला फार मोठा महोत्सव आहे, आणि त्याला प्रीमियरची अट नाही. अमेरिकेतला सनडान्सही लघुपटांना ती अट घालत नाही. अट घालणारे थोडे आहेत, आणि त्या थोड्यांपैकी तुमच्यासाठी किती उरतात हे तुमच्या चित्रपटाच्या लांबीनेच ठरवलं आहे. फ्रान्समधल्याच कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेची मर्यादा १५ मिनिटं आहे, श्रेयनामावली धरून. व्हेनिसच्या ओरित्सोंती विभागात लघुपटाला २० मिनिटं. बर्लिनाले म्हणजे बर्लिनच्या महोत्सवाच्या लघुपट विभागात ३० मिनिटं. स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोच्या लघुपट स्पर्धेत ४० मिनिटं. तुमचा चित्रपट २३ मिनिटांचा आहे, म्हणजे कान आणि व्हेनिससाठी प्रीमियर राखून ठेवण्यात काहीच हशील नाही. तो दरवाजा तसाही तुमच्यासाठी नाही. उरले बर्लिन आणि लोकार्नो. बर्लिनाले लघुपटाला मायदेशात आधी दाखवल्याबद्दल अडवत नाही, पण मायदेशाबाहेर दाखवलेला असेल तर घेत नाही. लोकार्नोलाही जागतिक किंवा आंतरराष्ट्रीय प्रीमियर हवा असतो.

यातून तुमचा पहिला निर्णय आपोआप निघतो. राखून ठेवायचा तो आंतरराष्ट्रीय प्रीमियर. भारतात तुम्ही मोकळे आहात. इफ्फी आणि बर्लिन यांच्यात तुम्हाला निवड करावीच लागत नाही, आणि या दोघांत भांडण आहे असं समजून कित्येकजण उगाच एक सोडून देतात.

इथे कोणीतरी सुचवेल की २३ मिनिटं कापून १९ करा, म्हणजे व्हेनिससुद्धा उघडेल. संकलकाला एकदा प्रामाणिकपणे विचारा. जर तो म्हणाला की मधली चार मिनिटं खरोखर ढिली आहेत, तर व्हेनिस असो वा नसो, कापा. महोत्सवांत लघुपट साधारण दीड तासाच्या एका गटात बसवले जातात, आणि २३ मिनिटांचा चित्रपट निवडायचा म्हणजे दोन छोटे चित्रपट सोडायचे असतात. त्यामुळे वीस मिनिटांच्या पुढच्या प्रत्येक मिनिटाला निवड करणाऱ्यांकडे कारण लागतं. पण चित्रपट त्याच्या लांबीत नीट श्वास घेत असेल, तर केवळ एका अर्जासाठी त्याला हात लावू नका. बर्लिन आणि क्लेरमाँ-फेराँ तुम्हाला त्याच लांबीत घेऊ शकतात.

आता चवथीचा मंडप. मंडपात पडदा लावून, फलक लावून, येईल त्याला दाखवणं हे सार्वजनिक प्रदर्शन आहे. तिकीट नसलं तरी. त्याने बर्लिनचं काही बिघडत नाही, कारण ते भारतातच आहे. पण तुमचं सगळ्यात जवळचं लक्ष्य म्हणजे इफ्फी, आणि नुकसान झालं तर तिथेच होईल. इफ्फीत गोव्याच्या चित्रपटांसाठी वेगळा विभाग असतो. गोवा मनोरंजन संस्था तो पाहते, आणि त्यात प्रीमियर आणि नॉन-प्रीमियर अशा दोन प्रकारच्या प्रवेशिका मागवल्या गेल्या आहेत. मंडपात दाखवलेला चित्रपट पहिल्या गटात घालून, आपण आधी कुठे दाखवला नाही असं लिहून देणं हे खोटं ठरेल, आणि गोव्यात असली गोष्ट लपत नाही. गावातल्या एकाच पोराने फेसबुकवर फोटो टाकला की पुरे.

यातून मार्ग आहे. कलाकार, तंत्रज्ञ, ज्यांच्या घरात चित्रीकरण केलं ते, पैसे देणारे, एवढ्यांना बोलावून एखाद्या सभागृहात खासगी खेळ करा. नावानिशी आमंत्रण द्या, फलक लावू नका, वर्तमानपत्राला बातमी देऊ नका, आणि आत कोणी चित्रीकरण करणार नाही एवढं बघा. असा खेळ प्रीमियर मोडणारा धरला जात नाही. गावासाठीचा मोठा खेळ इफ्फीनंतर, डिसेंबरात जत्रांचा हंगाम सुरू झाला की करा. तेव्हा तुम्हाला भारतात काही राखायचं नसेल, आणि इफ्फीत लागलेला चित्रपट गावात आला याचं वजनही वेगळं असतं. गावकऱ्यांना हे कारण सरळ सांगा, लोक समजून घेतात.

इफ्फीकडे जाताना तीन वेगळे दरवाजे आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. पहिला इंडियन पॅनोरमा, म्हणजे देशभरातल्या निवडक भारतीय चित्रपटांचा विभाग. त्यात फीचर आणि नॉन-फीचर असे दोन भाग असतात, आणि नॉन-फीचर म्हणजे माहितीपट असा आपल्याकडे समज आहे. तो चुकीचा आहे. ७० मिनिटांपर्यंतचा कथापटसुद्धा नॉन-फीचरमध्येच जातो, म्हणजे तुमचा चित्रपट तिथे जातो. स्पर्धा सगळ्या देशाशी आहे आणि नॉन-फीचरमध्ये जास्तीत जास्त वीस चित्रपट घेतले जातात, हे डोळ्यांसमोर ठेवा. प्रवेशिकांची मुदत साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास येते. दुसरा दरवाजा गोवा विभागाचा, त्याचं आवाहन वेगळं निघतं आणि अर्जही वेगळा. एक भरला म्हणजे दुसरा आपोआप झाला असं नाही. तिसरा फिल्म बाजार. तो २००७ पासून इफ्फीच्या काळात भरतो आणि आता वेव्हज फिल्म बाजार या नावाने ओळखला जातो. तिथे असणं म्हणजे इफ्फीत निवड होणं नव्हे. तो व्यवसायाचा बाजार आहे, नोंदणीही वेगळी आणि इफ्फीच्या प्रतिनिधी नोंदणीपेक्षा बरीच महाग. मात्र परदेशी महोत्सवांचे निवडकर्ते तिथे येतात आणि आपल्या दारात येतात. दिग्दर्शकाने एकट्याने दोन दिवसांसाठी जरी नोंदणी केली आणि आधी ईमेलने वेळ ठरवून चार माणसांना भेटलं, तर त्याचा उपयोग होतो. सगळ्या मित्रांनी जाण्याची गरज नाही.

ऑगस्टअखेर काम संपणार असेल तर पॅनोरमाची मुदत तुम्हाला घासून जाईल. शिवाय चित्रपट कुठल्या तारखेपर्यंत पूर्ण झालेला हवा, ही त्या वर्षीची अट आधी वाचा. इथे मोह असतो की आवाजाचं मिश्रण अर्धवट असताना पाठवून द्यावं. पॅनोरमासाठी तसं करू नका. परीक्षक मंडळ चित्रपट एकदाच बघतं, आणि आवाज हा कमी पैशांतल्या चित्रपटाचा सगळ्यात उघडा पडणारा भाग असतो. त्यापेक्षा आत्ताच ध्वनी करणाऱ्याशी बोलून ऑगस्टचा तिसरा आठवडा ही तारीख ठरवा. इंग्रजी सबटायटल्स त्याच्या आधी तयार करून घ्या, ती लागतातच. आपल्या बोलीतले शब्द, नात्यांची नावं, शिव्या यांचं इंग्रजी करायला तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त वेळ लागेल, आणि ते काम ज्याला पेडण्याची बोली कळते त्यानेच करायला हवं. मग मराठी न येणाऱ्या एका माणसाला बसवून चित्रपट दाखवा. तो कुठे वाचता वाचता मागे पडतो ते बघा आणि तिथली ओळ छोटी करा.

सेन्सॉर प्रमाणपत्राबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ते याच हिशेबात येतं. महोत्सवांना केंद्र सरकारकडून प्रमाणपत्राशिवाय चित्रपट दाखवण्याची सूट घेता येते, म्हणून बहुतेक महोत्सवांसाठी तुम्हाला ते लागत नाही. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी मात्र लागतं, आणि तिथे वर्ष मोजलं जातं ते प्रमाणपत्राच्या तारखेवरून, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. चित्रपट ऑगस्टमध्ये तयार झाला आणि प्रमाणपत्र पुढच्या जानेवारीत मिळालं, तर तो पुढच्या वर्षाच्या पुरस्कारात धरला जाईल. यात चूक काही नाही, फक्त ते तुम्ही ठरवून केलेलं असावं. गोव्यासाठी अर्ज मुंबईच्या प्रादेशिक कार्यालयाकडे, ऑनलाइन जातो. माझा सल्ला, अर्जाची घाई करू नका. इफ्फीचा निकाल लागू दे, कारण महोत्सवाच्या निमित्ताने तुम्ही संकलनात बदल केलात तर प्रमाणपत्रानंतर तो पुन्हा मंजूर करून घ्यावा लागतो.

आता पैसे. परदेशी महोत्सवांची लघुपटांची फी ढोबळमानाने २० ते ८० डॉलरच्या दरम्यान असते आणि मुदत जवळ येईल तशी टप्प्याटप्प्याने वाढते. फिल्मफ्रीवेसारख्या संकेतस्थळावर तुम्हाला हे टप्पे स्पष्ट दिसतात. तोच अर्ज, तोच चित्रपट, तेच निवडकर्ते, पण शेवटच्या टप्प्यात जवळपास दुप्पट पैसे. तुमच्या ३० हजारांची मी अशी वाटणी करेन. सहा हजार बाजूला ठेवायचे, निवड झाल्यानंतर लागणारी डीसीपी म्हणजे चित्रपटगृहात लावायची डिजिटल प्रत, हार्ड डिस्क आणि कुरियर यांसाठी. बारा हजार चार परदेशी अर्जांसाठी, म्हणजे प्रत्येकी साधारण तीन हजार, ३०-३५ डॉलरच्या हिशेबाने. सहा हजार भारतातल्या महोत्सवांसाठी. आणि उरलेले सहा हजार फेब्रुवारीपर्यंत अजिबात हात न लावता ठेवायचे. पहिल्या फेरीत सगळीकडून नकार आला तर दुसरी फेरी लढायला तेच पैसे असतात, आणि पहिल्या फेरीत निवड झाली तर प्रवासाला लागतात.

डीसीपी आधीच करून ठेवू नका. निवड झाल्याशिवाय ती कोणी मागत नाही. डीसीपी-ओ-मॅटिक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याने घरच्या संगणकावर ती बनते, फक्त एकदा खऱ्या चित्रपटगृहात लावून रंग आणि आवाज तपासा. पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं तर घाबरू नका. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशी व्यवहार बहुधा बंदच ठेवलेले असतात, बँकेच्या अॅपमधून ते सुरू करावे लागतात. शेवटच्या तारखेच्या रात्री हे शोधत बसण्यापेक्षा आधी करून ठेवा.

फीमाफी मागायला संकोच करू नका. महोत्सवाला पाच-सहा ओळींचं पत्र लिहायचं: चित्रपट काय आहे, लांबी किती, कुठल्या पैशातून केला, आणि त्यांच्या मागच्या कार्यक्रमात आपल्या चित्रपटाला जागा आहे असं आपल्याला का वाटतं. हे शेवटचं वाक्य खरं असायला हवं, त्यांनी मागे दाखवलेल्या चित्रपटांची यादी वाचूनच ते लिहिता येतं. पैसे भरण्याआधी आणि पहिल्या मुदतीच्या बऱ्याच आधी पाठवायचं. बहुतेकजण नाही म्हणतात, काही सवलत देतात, काही पूर्ण माफ करतात. नाही म्हटल्याने चित्रपटाचं काही बिघडत नाही.

ज्यांना एक रुपयाही देऊ नये असे महोत्सव ओळखणं अवघड नाही. दर महिन्याला पुरस्कार, पन्नास-साठ विभाग, प्रदर्शनाच्या जागेचं नाव नाही, मागच्या वर्षीच्या खेळांचे प्रेक्षकांसह फोटो नाहीत, आणि पुरस्कार लागल्यावर ट्रॉफी हवी असेल तर वेगळे पैसे. असल्या ठिकाणी निवड हमखास होते, म्हणूनच ती फसवी आहे. मी एक साधी चाचणी वापरते. मागच्या वर्षी तिथे निवड झालेल्या दोन दिग्दर्शकांना समाजमाध्यमावर शोधून विचारते, तुमचा चित्रपट पडद्यावर लागला का, किती माणसं होती, कोणी तुमच्याशी नंतर संपर्क केला का. लोक खरं सांगतात. पोस्टरवर अनोळखी पदकांची रांग लावली की जाणकार निवडकर्त्याला ती लगेच कळते आणि त्याचं मत चित्रपट सुरू होण्याआधीच थोडं खाली येतं. त्यातही परदेशातला असला एखादा ऑनलाइन महोत्सव तुमचा आंतरराष्ट्रीय प्रीमियर फुकट खाऊन टाकू शकतो. हे नुकसान फीपेक्षा मोठं आहे.

विभाग निवडताना एका महोत्सवात एकच अर्ज करा. सर्वोत्तम लघुपट, सर्वोत्तम छायाचित्रण, सर्वोत्तम नवा दिग्दर्शक असे वेगवेगळे अर्ज आणि वेगळी फी मागणारे महोत्सव आहेत. चांगल्या महोत्सवात मुख्य विभागात घेतलेल्या चित्रपटाचा वैयक्तिक पुरस्कारांसाठी विचार आपोआप होतो. अपवाद पदार्पणाचा. दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट असेल आणि त्यासाठी वेगळी स्पर्धा असेल, तर मुख्य स्पर्धेपेक्षा ती निवडण्यात शहाणपण असतं. आणि तुमच्यापैकी कोणी चित्रपट संस्थेचा विद्यार्थी नसेल, तर विद्यार्थी विभागात कमी फी आहे म्हणून शिरू नका. निवड झाल्यावर कागद मागतात.

तुमचं वर्ष मी साधारण असं मांडेन. ऑगस्टअखेर पॅनोरमा, आणि गोवा विभागाचं आवाहन निघेल तसा तिकडचा अर्ज. नोव्हेंबरच्या सुरुवातीला होणाऱ्या धरमशालाच्या महोत्सवाचा मोह होईल, तो खरोखर छान महोत्सव आहे, पण तो इफ्फीच्या आधी येतो. तिथे निवड झाली तर गोवा विभागात तुम्हाला नॉन-प्रीमियर गटात जावं लागेल. दोन्हीकडे अर्ज करायला हरकत नाही, पण धरमशालाला हो म्हणण्याआधी हे ठरवून ठेवा की तुमच्यासाठी मोठं काय आहे. ऑक्टोबरच्या सुमारास क्लेरमाँ-फेराँ, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बर्लिन. २० नोव्हेंबरच्या आसपास इफ्फी सुरू होतो. डिसेंबरात गावचा खेळ.  जानेवारी संपेपर्यंत बर्लिन आणि क्लेरमाँ-फेराँची उत्तरं आलेली असतात.

यात एक ठिकाण जरा नाजूक आहे. समजा जानेवारीत क्लेरमाँ-फेराँचं पत्र आलं आणि बर्लिनचं अजून यायचं आहे. क्लेरमाँ-फेराँ जानेवारीअखेर सुरू होतो, बर्लिन फेब्रुवारीत. तिथे दाखवलंत की आंतरराष्ट्रीय प्रीमियर संपला आणि बर्लिन गेलं. अशा वेळी बर्लिनला तत्काळ ईमेल करा: आम्हाला अमुक ठिकाणचं निमंत्रण आहे, अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे, तुमचा निर्णय कळू शकेल का. अशी पत्रं त्यांना नेहमी येतात आणि त्यात उद्धटपणा काही नाही. उत्तर आलं नाही तर हातातलं निमंत्रण स्वीकारा. येईल न येईल अशा उत्तरासाठी लघुपटांच्या सगळ्यात मोठ्या मेळाव्याला नकार देणं मला पटत नाही.

दोन्हीकडून नकार आला तर फेब्रुवारीत दुसरी फेरी. तेव्हा लोकार्नोचा अर्ज, जर आंतरराष्ट्रीय प्रीमियर अजून हातात असेल तर. मुंबईचा एमआयएफएफ म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव दर दोन वर्षांनी भरतो आणि लघुपटांची राष्ट्रीय स्पर्धा तिथे असते, त्या वर्षीचं वेळापत्रक बघा. पावसाळ्यात थिरुवनंतपुरमला केरळचा माहितीपट आणि लघुपट महोत्सव, तिथला प्रेक्षक फार जाणता आहे. ऑगस्टच्या आसपास बेंगळुरूचा आंतरराष्ट्रीय लघुपट महोत्सव, ज्याचा विजेता ऑस्करच्या लघुपट स्पर्धेसाठी पात्र ठरतो. या सगळ्यांना तुम्ही आधी भारतात दाखवलेलं बहुधा चालतं, पण प्रत्येकाची त्या वर्षीची नियमावली उघडून पूर्णतेच्या तारखेची अट वाचा. काहीजण बारा महिने, काहीजण दोन वर्षं धरतात. त्यासाठी चित्रपट पूर्ण झाल्याची एक तारीख आजच ठरवा आणि प्रत्येक अर्जात तीच लिहा. वेगवेगळ्या अर्जांत वेगळ्या तारखा गेल्या की पुढे प्रश्न विचारले जातात.

या वर्षभर चित्रपट यूट्यूबवर जाता कामा नये, एका दिवसासाठीसुद्धा. झलक जाऊ दे, गाणं जाऊ दे. निवडकर्त्यांना पासवर्ड असलेली एकच लिंक द्या, आणि अर्ज गेल्यानंतर पासवर्ड बदलू नका. व्हिमिओवर तीच लिंक ठेवून आतली फाइल बदलता येते, म्हणजे मिश्रण सुधारलं तरी जुने अर्ज मोडत नाहीत. शिवाय कुठल्या देशातून कोणी किती मिनिटं बघितलं हेही तिथे दिसतं. बघणारे वारंवार चौथ्या मिनिटालाच थांबत असतील, तर दुसऱ्या फेरीआधी सुरुवातीच्या संकलनाकडे परत बघायला हवं. ऑस्करच्या पात्रतेची थोडीही आशा असेल तर ती मिळण्याआधी ऑनलाइन प्रदर्शन झालेलं चालत नाही, तेव्हा बेंगळुरूचा निकाल लागेपर्यंत थांबा. तो लागला की साधारण तेराव्या-चौदाव्या महिन्यात चित्रपट सगळ्यांसाठी खुला करायला हरकत नाही.

या आठवड्यात करण्यासारखं एकच काम सांगते. संगीतकार, गायक आणि चित्रपटात कुठे जुनं नाट्यगीत किंवा भजनाची ध्वनिफीत वाजत असेल तर तिचा हक्कधारक, या सगळ्यांकडून महोत्सवातील प्रदर्शनासाठी लेखी परवानगी घ्या, आणि नंतरच्या ऑनलाइन प्रदर्शनाचा उल्लेख त्याच कागदात करून घ्या. भजन पारंपरिक असलं तरी ध्वनिमुद्रण कोणाचं तरी असतं. आवाजाचं मिश्रण व्हायच्या आत हे कळलं तर ते गाणं गावातल्याच कोणाकडून पुन्हा गाऊन घेता येतं. निवड झाल्यावर कळलं तर तेवढा वेळ कोणाकडेच नसतो.